झालेल्याची वही आणि व्हायच्याची यादी

आपल्या देशातील खेड्यांत २००५ सालापासून ‘आशा’ या नावाने ओळखली जाणारी एक कार्यकर्ती वावरते. सुमारे हजार वस्तीमागे एक, असे तिचे प्रमाण ठरलेले आहे. ती त्याच गावची सून किंवा लेक असते आणि तिच्या पिशवीत इतर कागदांबरोबर एक वही असते. त्या वहीत गावातील बाळांना कोणती लस केव्हा टोचली, याची नोंद असते. उपकेंद्राची आरोग्यसेविका लस टोचते, आशा बाळांना बोलावून आणते आणि दोघींचे काम त्या वहीच्या पानावर एकत्र येते.

या वहीविषयी एक साधी गोष्ट प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. वही झालेल्या गोष्टी सांगते. आशेला मात्र व्हायच्या गोष्टी हव्या असतात. पुढच्या बुधवारी सत्र आहे, त्या दिवशी कोणाच्या दारी जाऊन बाळाला घेऊन या म्हणावयाचे, हा तिचा प्रश्न असतो. वहीतील ओळी जन्माच्या किंवा नोंद झाल्याच्या क्रमाने लागलेल्या असतात, आणि उत्तर तर अनेक पानांवर विखुरलेले असते. म्हणून वहीवरून स्वच्छ तक्ते करावयाचे आणि त्यांतून देय तारखांची यादी काढावयाची, हे काम निघते. संगणक आला, सरकारी नोंदणीची संकेतस्थळे आली, तरी त्यांत भरावयाचा मजकूर बहुतेक वेळा प्रथम या वहीतच लिहिला जातो. तो वहीतून तक्त्यात उतरताना काय घडते, तेवढेच आज सांगावयाचे आहे.

प्रथम वहीचे पान डोळ्यांसमोर आणू या. डावीकडे अनुक्रमांक, मग बाळाचे नाव, आईचे नाव, जन्मतारीख आणि पुढे लसींचे रकाने. जन्मतः बीसीजी, पोलिओचा पहिला थेंब आणि कावीळ ‘ब’ची मात्रा, मग सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना पेंटाव्हॅलंट व तिच्याबरोबरच्या इतर लसी, नऊ महिने पूर्ण झाल्यावर गोवर-रुबेलाची पहिली मात्रा, आणि सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान दुसरी मात्रा व बूस्टर. शेवटी ‘शेरा’ नावाचा एक अरुंद रकाना. त्या एवढ्याशा जागेत आशा बरेच काही लिहिते: ‘माहेरी’, ‘ताप होता’, ‘सासूने नाही म्हटले’, ‘ऊसतोडीला’. वहीतील खरी माहिती पुष्कळदा या शेऱ्यांतच असते आणि नकलताना पहिली गळते तीही हीच.

तेव्हा पहिला नियम असा, की वही जशी आहे तशी आधी उतरवून घ्यावी. ज्या घरात ‘२/४’ लिहिले असेल, तेथे नकलेतही ‘२/४’ असेच लिहावे. त्याचा अर्थ लावण्याचा मोह तेथे टाळावा. अर्थ लावलेली तारीख शेजारच्या वेगळ्या रकान्यात जावी. प्रत्येक नोंदीसोबत वहीचे पान आणि ओळ यांचे क्रमांकही टिपावे. हे कंटाळवाणे वाटते खरे. परंतु सहा महिन्यांनी एखाद्या तारखेविषयी शंका आली, तर मूळ अक्षरापर्यंत परत जाण्याची वाट तेवढीच असते.

नंतर एकाऐवजी दोन तक्ते करावेत. पहिला तक्ता बाळांचा: एका बाळाला एक ओळ, तीत जन्मतारीख, आईचे नाव, वस्ती आणि दूरध्वनी. दुसरा तक्ता मात्रांचा: एका बाळाच्या एका मात्रेला एक ओळ, तीत देय तारीख, दिल्याची तारीख आणि स्थिती. वहीत एका बाळाच्या साऱ्या मात्रा आडव्या पसरलेल्या असतात. तशीच मांडणी संगणकावर ठेवली, तर ‘पुढच्या बुधवारी कोण?’ हे विचारावयास प्रत्येक रकाना निराळा चाळावा लागतो. मात्रा उभ्या, एकीखाली एक लावल्या, की देय तारखेचा रकाना एकच उरतो. त्या रकान्यावरून क्रम लावला की यादी आपोआप तयार होते.

दोन्ही तक्ते जोडण्यासाठी प्रत्येक बाळाला एक खूण लागते. ती खूण नाव असू शकत नाही, याचे कारण आपल्या चालीरीतींतच आहे. बारशाआधी बाळाला नाव नसते. जन्माच्या दिवशी टोचलेल्या बीसीजीपुढे ‘वैशालीचे बाळ’ असे लिहिलेले असते. सहा आठवड्यांनी तेच बाळ ‘आरोही’ होऊन निराळ्या पानावर येते. त्यातून पहिले बाळंतपण माहेरी. माहेरच्या आशेने वैशालीपुढे तिच्या वडिलांचे नाव लिहिले, सासरच्या आशेने नवऱ्याचे. एखाद्या घरी लग्नात मुलीचे पाळण्यातले नावही बदललेले असते. अशा रीतीने एकाच बाळाच्या दोन ओळी होतात. एकीत बीसीजी आहे, पेंटा नाही. दुसरीत पेंटा आहे, बीसीजी नाही. यादीत दोन्ही बाळे थकलेली दिसतात आणि प्रत्यक्षात एकही थकलेले नसते.

यावर उपाय माता व बाल संरक्षण कार्डाचा. त्यावर नोंदणी क्रमांक असेल तर तीच खूण घ्यावी. नसेल तर आपणच एक क्रमांक द्यावा आणि जन्मतारीख, आईचे नाव व दूरध्वनी या तिन्ही गोष्टी जुळतात का ते पाहून संशयास्पद जोड्या निवडाव्या. मात्र त्या निवडून आशेपुढे ठेवाव्या, परस्पर एक करू नयेत. जुळ्या भावंडांची जन्मतारीख एक, आई एक आणि दूरध्वनीही एकच असतो. संगणकाच्या भरवशावर ओळी एकत्र केल्या, तर दोघांतील एक बाळ कागदावरून नाहीसे होते आणि त्याच्या घरी बोलावणे जात नाही.

आता तारखांकडे वळू. आपण दिवस आधी आणि महिना मागाहून लिहितो. संगणकातील तक्त्याची भाषा अमेरिकी रीतीवर ठेवलेली असेल, तर तो महिना आधी धरतो. ‘२/४/२०२५’ म्हणजे आपल्या लेखी दोन एप्रिल. त्याच्या लेखी चार फेब्रुवारी. तो हूं की चूं न करता तसे धरून चालतो. ‘२१/३/२०२५’ लिहिले तर मात्र एकविसावा महिना नसल्यामुळे त्याला ती तारीख वाटतच नाही. तो तिला नुसती अक्षरे समजतो आणि घराच्या डाव्या कडेला लावतो. खऱ्या तारखा उजव्या कडेला जातात. म्हणून एकाच रकान्यात काही तारखा डावीकडे आणि काही उजवीकडे दिसल्या, तर समजावे की डावीकडच्या वाचल्या गेलेल्या नाहीत आणि उजवीकडच्या बहुधा उलट वाचल्या गेल्या आहेत. दुखणे डावीकडे दिसते, पण खरी हानी उजवीकडे असते. वर्ष आधी, मग महिना, मग दिवस, म्हणजे 2025-04-02 अशी एकच रीत पहिल्यापासून धरली तर हा घोटाळा उद्भवत नाही.

रिकाम्या घराचाही असाच विचार केला पाहिजे. वहीत घर रिकामे असण्याला अनेक अर्थ असतात: अजून वेळ आली नाही, वेळ आली पण बाळ आले नाही, खाजगी दवाखान्यात टोचून घेतले, कुटुंब गाव सोडून गेले, घरच्यांनी नकार दिला, आणि कधी कधी, बाळ राहिले नाही. आशेला हे सारे पाठ असते, म्हणून ती लिहीत नाही. तक्त्याला काहीच ठाऊक नसते. म्हणून मात्रांच्या तक्त्यात ‘स्थिती’ हा रकाना हवा आणि त्यात ठरावीक शब्दांपैकी एक शब्द हवा. हे शब्द आशेजवळ बसून भरावे लागतात. त्यांना दुसरा मार्ग नाही. गेलेल्या बाळाच्या आईला ‘उद्या लसीला या’ असा निरोप जाणे, यापरते निर्दय काम एखाद्या यादीच्या हातून होऊ शकत नाही. आणि ते एका रिकाम्या घरामुळे होते.

बरोबरच्या खुणेची गोष्ट याच्या उलट आहे. काही पानांवर तारखेऐवजी नुसती खूण असते. मात्रा दिली एवढे तीवरून कळते. केव्हा दिली ते कळत नाही. अशा ठिकाणी त्या महिन्याच्या सत्राची तारीख टाकून देण्याची इच्छा होते, ती आवरावी. ‘दिली, तारीख अज्ञात’ असे लिहावे आणि आईजवळचे कार्ड किंवा आरोग्यसेविकेजवळचे त्याचे अर्धुक पाहून मग तारीख भरावी. पुढच्या मात्रेची देय तारीख या तारखेवरच उभी असते, हे आता दिसेल.

देय तारीख काढण्याचा नियम एका वाक्यात सांगता येतो. वयाप्रमाणे येणारी तारीख आणि मागील मात्रेनंतर लागणाऱ्या अंतराप्रमाणे येणारी तारीख, या दोहोंपैकी जी उशिराची ती घ्यावी. पेंटाच्या तीन मात्रांना वय सहा, दहा व चौदा आठवडे, म्हणजे ४२, ७० व ९८ दिवस. दोन मात्रांमध्ये निदान चार आठवडे, म्हणजे २८ दिवस. एखादी मात्रा लांबली तर पुन्हा पहिल्यापासून आरंभ करावयाचा नसतो. राहिली असेल तेथून पुढे जावयाचे असते.

एक बाळ कल्पू या. त्याचा जन्म ७ फेब्रुवारी २०२५ चा. गावात लसीकरणाचे सत्र दर महिन्याच्या पहिल्या बुधवारी. ४२ दिवस मोजले, की पेंटाच्या पहिल्या मात्रेची देय तारीख येते २१ मार्च. त्यानंतरचे पहिले सत्र २ एप्रिलचे. बाळ त्या दिवशी आले आणि वहीत ‘२/४’ अशी नोंद झाली.

आता दुसरी मात्रा. वयाप्रमाणे ७० दिवस १८ एप्रिलला भरतात. ज्यांनी जन्माच्या दिवशीच साऱ्या तारखा मांडून ठेवल्या असतील, त्यांच्या कागदावर १८ एप्रिल हीच तारीख असेल. पण पहिली मात्रा २ एप्रिलला झाली आहे. १८ ला केवळ सोळा दिवस होतात. २ एप्रिलपासून २८ दिवस मोजले तर ३० एप्रिल येते. दोहोंत उशिराची ३० एप्रिल, तीच देय. तिच्यानंतरचे पहिले सत्र ७ मे. म्हणून यादीत या बाळाचे नाव ७ मेच्या सत्रात हवे. जन्मावरून एकदाच काढलेल्या तारखा पहिल्या विलंबानंतर निरुपयोगी होतात, त्या अशा. दिल्याची तारीख भरताच पुढची देय तारीख पुन्हा मोजली गेली पाहिजे. म्हणजेच ती हाताने लिहिलेली नसावी, तक्त्यातील सूत्राने काढलेली असावी.

तिसऱ्या मात्रेला गंमत आहे. बाळ ७ मेला आले. वयाप्रमाणे ९८ दिवस १६ मेला भरतात. अंतराप्रमाणे ७ मे अधिक २८ म्हणजे ४ जून. उशिराची ४ जून, आणि जूनचा पहिला बुधवार नेमका ४ जूनचाच. बाळ त्या दिवशी पात्र आहे. परंतु आपल्या तोंडी आठवडे नसतात. सहा, दहा, चौदा आठवड्यांना आपण दीड, अडीच, साडेतीन महिने म्हणतो आणि चार आठवड्यांना ‘एक महिना’ म्हणतो. बोलण्यात त्याने काही बिघडत नाही. तक्त्यात कोणी ‘एक महिना’ मिळविला, तर ७ मेची ७ जून होते. ४ जूनचे सत्र तीन दिवसांनी हुकते आणि बाळ २ जुलैवर जाते. तीन दिवसांच्या शब्दच्छलापायी चार आठवडे गेले. पहिल्या बुधवारापासून पहिला बुधवार कधी २८ दिवसांवर येतो, कधी ३५. जेव्हा तो २८ वर येतो तेव्हा असे बाळ बहुतेक वेळा मागे पडते.

गोवर-रुबेलाच्या वेळी उलट प्रकार होतो. तेथे नियम महिन्यांचा आहे: नऊ महिने पूर्ण झाले पाहिजेत. आपल्या बाळाचे ते ७ नोव्हेंबर २०२५ ला पूर्ण होतात. नोव्हेंबरचा पहिला बुधवार ५ तारखेला होता. दोन दिवस कमी. ‘नोव्हेंबरमध्ये देय’ एवढेच लिहिलेल्या यादीने आईला ५ तारखेला बोलाविले असते आणि तिला तसेच परतावे लागले असते. अशी एकदा परतलेली आई दुसऱ्या बोलावण्याला सहसा उत्साहाने येत नाही. आपल्या नियमाने सत्राची तारीख येते ३ डिसेंबर. म्हणून देय तारीख आणि सत्राची तारीख हे दोन वेगळे रकाने ठेवावेत. पहिली बाळाच्या वयाने ठरते, दुसरी गावाच्या व्यवस्थेने.

आता समजा हे बाळ बीड जिल्ह्यातील आहे आणि त्याचे आईबाप ऊसतोडीला जातात. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात आणि हंगाम आटोपून मार्च-एप्रिलला परततात. ३ डिसेंबरला या घराला कुलूप असणार. दर महिन्याला त्या महिन्यापुरतीच यादी काढली, तर हे डिसेंबरात कळते, म्हणजे फार उशिरा. देय तारखा मोजून ठेवलेल्या असल्या, की सप्टेंबरातच एक वेगळी यादी निघू शकते: ऑक्टोबर ते एप्रिल या काळात ज्यांची मात्रा देय आहे आणि ज्यांच्या स्थितीत ‘स्थलांतर’ लिहिले आहे, अशी बाळे. नऊ महिन्यांआधी ती मात्रा उरकून टाकता येत नाही; परंतु तीन गोष्टी करता येतात. कार्ड ट्रंकेत न ठेवता सोबत न्यावयास आईला सांगता येते. त्यावर ‘७ नोव्हेंबरनंतर केव्हाही’ असे ठळक लिहिता येते. आणि मुकादमाचे नाव व कारखान्याचा पत्ता टिपून तिकडच्या आरोग्यसेविकेला कळविता येते. शेऱ्याच्या अरुंद रकान्यातला ‘ऊसतोडीला’ हा एक शब्द नकलताना गळला असता, तर यांतील काहीच सुचले नसते. आणि बाळ एप्रिलात तसेच परतले, तरी त्याची मात्रा रद्द झालेली नसते; ती थकलेल्यांच्या यादीत सर्वांत वर आलेली असते.

तक्ता तयार झाल्यावर तो बरोबर आहे की नाही हे कसे ओळखावे? चार चाचण्या पुरतात. एक, कोणतीही मात्रा जन्मापूर्वीची असू नये. आपल्या बाळाची ‘२/४’ उलटी वाचली गेली असती तर ती ४ फेब्रुवारी झाली असती, म्हणजे जन्माआधी तीन दिवस. हा दोष येथे तत्काळ पकडला जातो. दोन, क्रमाने येणाऱ्या दोन मात्रांत २८ दिवसांहून कमी अंतर असू नये. तीन, मात्रेचा वार पाहावा. सत्र बुधवारी होत असेल तर बहुतेक तारखा बुधवारच्या निघाल्या पाहिजेत. ‘७/५’ उलटी वाचली तर ५ जुलै २०२५ होते आणि तो शनिवार होता. वार हा तारखेचा मुका साक्षीदार आहे. त्याला विचारावयाचे बहुतेकांना सुचत नाही. चार, वहीच्या प्रत्येक पानावरील बाळे आणि तक्त्यात त्या पानाच्या क्रमांकाने आलेली बाळे मोजून सारखी यावीत. चाचणीत अडकलेली नोंद मात्र आपल्या मताने दुरुस्त करू नये. ती पान-ओळीसह आशेकडे न्यावी. शनिवारी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन खरोखरच कोणी टोचून घेतलेले असू शकते.

या तक्त्याच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. तो लस द्या असे सांगत नाही. बोलवा एवढेच सांगतो. बाळाला पाहून आणि कार्ड वाचून निर्णय करणे हे आरोग्यसेविकेचे काम आहे, आणि तक्ता व कार्ड यांत फरक पडला तर आधी कार्ड पाहावयाचे. दुसरे, यात लोकांच्या घरची नावे, दूरध्वनी आणि नकारही असतात. म्हणून गटागटांत फिरविण्याची ही वस्तू नव्हे. सत्राच्या यादीवर बाळ, आई, वस्ती आणि मात्रा एवढे पुरे.

आणि हा विचार काही संगणकाबरोबर जन्मलेला नाही. पुष्कळ उपकेंद्रांत भिंतीवर एक कापडी पिशवी टांगलेली आढळते. तिला बारा महिन्यांचे बारा कप्पे असतात. बाळाला मात्रा दिली, की त्याच्या कार्डाचे अर्धुक पुढची मात्रा ज्या महिन्यात देय असेल त्या कप्प्यात सरकवितात. महिना उजाडला की तो कप्पा रिकामा करावयाचा. हाताशी येतील ती बाळे बोलवावयाची. नोंद एक, पुढची तारीख एक आणि मात्रा होताच ती पुढे सरकणार: आपल्या मात्रांच्या तक्त्यातही तत्त्व हेच आहे. पिशवीला महिना कळतो, दिवस कळत नाही. म्हणून ५ नोव्हेंबर आणि ७ नोव्हेंबर यांत ती भेद करू शकत नाही. तेवढा भेद तक्ता करतो. जेथे पिशवी नीट चालली आहे, तेथे तक्त्यातील तारखा पडताळावयास तिच्याइतके चांगले साधन नाही; आणि जेथे तक्त्यातील चालू महिन्याची नावे व कप्प्यातील अर्धुके जुळत नाहीत, तेथे वही पुन्हा उघडावी.